छापील हँडआउट आणि स्लाइडसाठी स्क्रीनशॉट: डार्क कुठे चालतो, कुठे फसतो

कोल्हापुरात संगणकाचा क्लास घेणारे आम्ही बरेचजण दिवसभर डार्क मोडमध्ये काम करतो. डोळ्यांना बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. गडबड सुरू होते ती हँडआउट बनवताना. तोच काळा पडदा टिपून वर्डमध्ये टाकला जातो, राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात साठ प्रती निघतात, आणि मुलांच्या हातात पडतो तो राखाडी-काळा चौकोन. त्यातल्या हिरव्या ओळी गायब, मराठीतल्या मात्रा भरून गेलेल्या, आणि बाजूला पेनानं काही लिहून घ्यावं तर जागाच नाही.

नव्यानं हँडआउट आणि स्लाइड बनवणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहितोय. उदाहरण पायथन शिकवण्याचं आणि VS Code चं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. एक्सेल किंवा मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीनशॉट असले तरी हिशेब हाच.

आधी हाताशी काय लागेल

- ज्या सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट घ्यायचे ते, आणि त्यात लाइट थीम कुठून लावायची याची माहिती
- विंडोजमधली Win + Shift + S ही सोय. वेगळं काही बसवायची गरज नाही
- वर्ड किंवा लिबरऑफिस
- दोन रंगांमधला कॉन्ट्रास्ट मोजून देणारं WebAIM Contrast Checker हे वेबपेज
- जुने डार्क स्क्रीनशॉट सुधारायचे असतील तरच ImageMagick, म्हणजे कमांड देऊन चित्रं बदलणारं सॉफ्टवेअर
- ज्या मशीनवर सगळ्या प्रती निघणार आहेत, त्याच मशीनवरची एक नमुना प्रत

## 1. कागद आणि पडदा यांचे दोन वेगळे संच ठरवा

एकच स्क्रीनशॉट स्लाइडलाही आणि हँडआउटलाही वापरायचा मोह आवरा. कागदासाठी लाइट मोड, यात मी अपवाद करत नाही. स्लाइडसाठी काय घ्यायचं ते खोलीवर अवलंबून आहे, त्याचा हिशेब पाचव्या पायरीत आहे. दोन्ही संच एकाच बैठकीत टिपून ठेवा. नंतर तीच स्थिती पुन्हा उभी करायची, तोच एरर पुन्हा आणायचा, हे फार कंटाळवाणं काम आहे. फाइलच्या नावात शेवटी `-print` आणि `-slide` लिहिलं की कुठली कशासाठी ते महिन्याभरानंतरही कळतं.

## 2. शाईचा हिशेब एकदा मांडून बघा

टोनरच्या खोक्यावर जो पानांचा आकडा असतो, तो साधारण पानाचा 5 टक्के भागच काळा होतो असं धरून काढलेला असतो. साध्या मजकुराचं पान त्याच्या आसपास बसतं.

आता A4 कागद घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 624 चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना 2 सेंटिमीटरचा समास सोडला की रुंदी उरते 17. त्यात 17 × 9.5 सेंटिमीटरचा एक स्क्रीनशॉट बसवला, तर तो पानाचा 26 टक्के भाग व्यापतो. VS Code च्या जुन्या Dark+ थीमची पार्श्वभूमी `#1E1E1E` आहे. म्हणजे पूर्ण काळी नाही, पण छपाईच्या भाषेत सुमारे 88 टक्के काळी. गुणाकार केला तर एका स्क्रीनशॉटनं पानाचा 23 टक्के भाग काळा होतो. अक्षरांची जागा वजा केली तरी फारसा फरक पडत नाही. पानावर असे दोन चौकोन आणि थोडा मजकूर असला, की आकडा 50 टक्क्यांजवळ जातो.

म्हणजे हे एक पान साध्या दहा पानांएवढा टोनर खातं. साठ मुलांसाठी साठ प्रती काढल्या तर सहाशे पानांचा टोनर गेला. कार्ट्रिज 1500 पानांचं असेल तर एका दिवसात त्याचा चाळीस टक्के भाग संपला. प्रिंटरच्या सेटिंगप्रमाणे हा आकडा मागेपुढे होईल, पण अंदाज चुकत नाही. तेच दोन स्क्रीनशॉट लाइट मोडमध्ये घेतले, तर पान पुन्हा साध्या पानासारखंच होतं.

दुकानात पानामागे दर असतो, मग टोनरची चिंता आपण कशाला करायची, असं वाटू शकतं. पण काळीभोर पानं बघून काउंटरवरचा माणूस मशीनची डेन्सिटी कमी करतो, आणि मग स्क्रीनशॉटबरोबर तुमचा बाकीचा मजकूरही पुसट येतो. ते नुकसान मात्र आपलं.

## 3. लाइट मोडमध्ये टिपा, आणि अक्षर मोठं करून टिपा

VS Code मध्ये Ctrl + K दाबा, सोडा, मग Ctrl + T दाबा. थीमची यादी उघडेल. त्यात `Light+` किंवा `Light Modern` निवडा. छपाई काळी-पांढरीच होणार असेल तर `Light High Contrast` बघा, त्यात रंग जास्त गडद आहेत. ब्राउझर आणि विंडोजच्या खिडक्यांसाठी Settings > Personalization > Colors मध्ये जाऊन मोड Light करा.

थीम बदलली की काम झालं असं मात्र नाही. लाइट मोडचे स्क्रीनशॉटही कधी कधी कागदावर वाचता येत नाहीत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अक्षराचा आकार असतो. पूर्ण पडद्याचा 1920 पिक्सेल रुंद स्क्रीनशॉट 17 सेंटिमीटरमध्ये बसवला, तर 14 पिक्सेलचं अक्षर कागदावर साडेतीन पॉइंटचं होतं. औषधाच्या डबीवर असतं तसं. चित्र अगदी स्पष्ट छापलं गेलं तरी वाचायला भिंग लागेल.

म्हणून खिडकी लहान करा आणि अक्षर मोठं करा. खिडकीची रुंदी साधारण 1000 पिक्सेल आणि एडिटरचा फॉन्ट 20 ठेवला, तर तेच अक्षर 17 सेंटिमीटरमध्ये साडेनऊ पॉइंटचं येतं, म्हणजे पुस्तकातल्या अक्षराच्या जवळपास. फॉन्टचा आकडा `editor.fontSize` या सेटिंगमध्ये बदलता येतो. डावीकडची फाइलींची पट्टी Ctrl + B नं बंद करा आणि फक्त लागणाऱ्या ओळी टिपा. दहा ओळी शिकवायच्या असतील तर खालची रिकामी जागा, टर्मिनल आणि टास्कबार कशाला छापायचे?

फाइल PNG मध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबला जातो आणि अक्षरांच्या कडांना धुरकट ठिपके येतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्डही सेव्ह करताना चित्रं दाबतो. File > Options > Advanced मध्ये `Do not compress images in file` यावर टिक करा.

## 4. कागदावर डार्क का फसतो

ही पायरी करायची नाही, समजून घ्यायची आहे. कारण ती समजली की कुठला स्क्रीनशॉट चालेल याचा निर्णय स्वतःच घेता येतो.

पडद्यावर पांढरं अक्षर स्वतः प्रकाश देतं. कागदावर पांढरी शाई नसते. काळ्या पट्ट्यात पांढरं अक्षर हवं तर प्रिंटरनं चहूबाजूंनी काळं भरून अक्षराची जागा मोकळी सोडायची असते. शाई किंवा टोनर ठरल्या जागेच्या किंचित बाहेर पसरतो. काळं अक्षर पांढऱ्यावर असेल तर त्या पसरण्यानं अक्षर जरा जाड होतं, वाचता येतं. पांढरं अक्षर काळ्यात असेल तर तेच पसरणं अक्षराला आतून खातं.

`print("नमस्कार कोल्हापूर")` ही ओळ डार्कमध्ये छापून बघा. इंग्रजी अक्षरं कशीबशी टिकतात. ‘स्का’मधला अर्धा स आणि क यांच्यामधली फट, ‘ल्हा’मधली वळणं, ‘पू’चा ऊकार, हे सगळं एकमेकांत मिसळतं. एखाद्या शब्दावर अनुस्वार असेल तर तो आधी जातो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तर उरलंसुरलंही गेलं.

दुसरी गोष्ट राखाडीची. प्रिंटरकडे राखाडी शाईसुद्धा नसते. तो काळ्याचे बारीक ठिपके विरळ-दाट मांडून राखाडीचा भास निर्माण करतो. डार्क थीममधलं निळं, नारिंगी, हिरवं अक्षर काळ्या-पांढऱ्या छपाईत वेगवेगळ्या राखाडीत जातं. त्यामुळे बारीक अक्षराची कड सलग रेघ न राहता ठिपक्यांची होते. पांढऱ्यावरच्या शुद्ध काळ्या अक्षराला ठिपके लागतच नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कागद दमट असतो. दमट कागदावर मोठा काळा भाग एकसारखा बसत नाही. मध्येच फिकट पट्टे येतात, आणि घडी घातली की टोनरची कपची निघते. ही पानं प्लॅस्टिकच्या फाइलीत दाबून ठेवली तर काळा भाग कव्हरला चिकटतो. पातळ कागदावर दोन्ही बाजूंना छपाई असेल तर मागचा चौकोन पुढे दिसतो. आणि मुलं पेन्सिलनं ‘इथे कोलन विसरायचा नाही’ असं लिहायला जातात तेव्हा काळ्यावर काय लिहिणार?

## 5. स्लाइडसाठी खोलीचा उजेड मोजा

इथे चित्र थोडं वेगळं आहे. कॉन्ट्रास्टचा आकडा 1 पासून 21 पर्यंत असतो. 1 म्हणजे दोन्ही रंग सारखेच, 21 म्हणजे शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं. वेबसाठीच्या WCAG नियमांत साध्या मजकुराला किमान 4.5 मागितला आहे. VS Code च्या Dark+ मधली हिरवी कॉमेंट `#6A9955` आपल्या काळ्या पार्श्वभूमीवर सुमारे 5 भरते. Light+ मधली हिरवी कॉमेंट `#008000` पांढऱ्यावर साधारण तेवढीच, 5.1. लॅपटॉपवर दोन्ही सारख्याच वाचता येतात. प्रोजेक्टरवर मात्र त्यांचं वेगवेगळं होतं.

कारण प्रोजेक्टर काळं टाकू शकत नाही. पडद्यावरचा ‘काळा’ भाग म्हणजे खोलीतल्या उजेडात तो पडदा जसा दिसतो तसा. समजा, खिडक्यांतून आणि ट्यूबलाइटमधून पडद्यावर 100 लक्स उजेड पडतोय आणि प्रोजेक्टर पांढऱ्या जागी 400 लक्स देतोय. हे आकडे हिशेबासाठी धरलेत, पण दिवसा पडदे अर्धवट ओढलेल्या वर्गात असं असू शकतं. खोलीचे 100 लक्स सगळीकडेच मिळतात, काळ्यावरही आणि अक्षरावरही.

डार्कमध्ये पार्श्वभूमी 105 लक्सवर जाते आणि हिरवी कॉमेंट 206 वर. गुणोत्तर 2. मागच्या बाकावरून ती ओळ आहे एवढंच कळेल. लाइटमध्ये पांढरं 500 आणि हिरवी कॉमेंट 162. गुणोत्तर 3.1. फार उत्तम नाही, पण वाचता येतं. डार्कमधली मुख्य फिकट राखाडी अक्षरंसुद्धा साडेतीनच्या खालीच राहतात, आणि पांढऱ्यावरचं शुद्ध काळं अक्षर 5 ला पोचतं. खोलीचा उजेड डार्क मोडच्या पार्श्वभूमीलाच धक्का देतो, म्हणून तो आधी हरतो.

यावरून ठरवायचं असं. दिवसाचा वर्ग, मोठ्या खिडक्या, जुना प्रोजेक्टर असेल तर लाइट. दिवे बंद करता येणारी खोली असेल तर डार्क चालतो, उलट तिथे पांढरीशुभ्र स्लाइड डोळ्यांवर येते. मोठा टीव्ही किंवा इंटरॅक्टिव पॅनेल असेल तरी डार्क चालतो, कारण त्याचा काळा खरंच बराच काळा असतो. फक्त खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडत नाही ना, ते शेवटच्या बाकावर बसून बघा. उजेडात डार्कच दाखवायचा असेल तर निदान `Dark High Contrast` थीम घ्या, आणि फिकट रंगाच्या कॉमेंट विद्यार्थ्यांना वाचायला लावू नका.

स्लाइडमध्ये एक सापळा आहे. डार्क आणि लाइट स्क्रीनशॉट आलटून पालटून टाकले तर अंधाऱ्या खोलीत प्रत्येक वेळी डोळे दिपतात. एका व्याख्यानात एकच मोड ठेवा.

आणि स्लाइडच हँडआउट म्हणून छापू नका. पॉवरपॉइंटच्या प्रिंटमध्ये Grayscale किंवा Pure Black and White निवडलं तर स्लाइडची पार्श्वभूमी पांढरी होते, पण तुम्ही चिकटवलेला स्क्रीनशॉट हे चित्र असतं, ते काळंच राहतं. शिवाय पानावर सहा स्लाइड टाकल्या तर अक्षर इतकं बारीक होतं की मोडचा प्रश्नच उरत नाही.

## 6. जिथे जमेल तिथे चित्र नको, मजकूर चिकटवा

प्रोग्रामच्या ओळी किंवा टर्मिनलचं उत्तर दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉट लागतोच असं नाही. मजकूर कॉपी करून कन्सोलस फॉन्टमध्ये 10 पॉइंटवर ठेवा. छापताना तो शुद्ध काळा येतो. स्क्रीनशॉट राखून ठेवा तो बटण कुठे आहे, खिडकी कशी दिसते हे दाखवायला.

इथेही एक खड्डा आहे. VS Code मधून कॉपी केलं की रंगही सोबत येतात. डार्क थीममधून वर्डमध्ये चिकटवलं तर काळी पट्टी येते. लोक ती पट्टी काढून टाकतात, आणि मागे उरतं फिकट राखाडी `#D4D4D4` अक्षर पांढऱ्या कागदावर. त्याचा कॉन्ट्रास्ट दीडच्याही खाली. पडद्यावर कसंबसं दिसतं, म्हणून लक्षात येत नाही, कागदावर मात्र ओळ कोरी जाते. चिकटवताना `Keep Text Only` निवडा, किंवा VS Code च्या सेटिंगमध्ये रंग कॉपी होणंच बंद करा:

```
"editor.copyWithSyntaxHighlighting": false
```

## 7. जुने डार्क स्क्रीनशॉट असतील तर

पुन्हा टिपता येत असतील तर पुन्हाच टिपा. ते शक्य नसेल तेव्हाच रंग उलटवा. विंडोजच्या पेंटमध्ये Ctrl + Shift + I दाबलं की चित्र उलटं होतं. पण दोन गोष्टी बिघडतात. `#1E1E1E` उलटून शुभ्र होत नाही, `#E1E1E1` होतो, म्हणजे अक्षरांमागे राखाडी ठिपक्यांची जाळी छापली जाते. आणि रंग उलटतात: हिरवी कॉमेंट जांभळट होते, निळे शब्द नारिंगी. मग ‘निळ्या रंगात `def` दिसतं’ असं तुम्ही शिकवलं तर मुलं नारिंगीकडे बघत बसतात.

ImageMagick नं दोन्ही एकदम सुटतं, रंग सोडून काळं-पांढरं करायची तयारी असेल तर:

```
magick dark.png -colorspace Gray -negate -level 15%,87% print.png
```

यात आधी रंग जातात, मग चित्र उलटतं, आणि शेवटी 87 टक्क्यांच्या वरचं सगळं शुभ्र होतं. Dark+ ची पार्श्वभूमी उलटल्यावर 88 टक्क्यांवर येते, म्हणून 87 हा आकडा. वेगळी थीम असेल तर तो बदलावा लागेल. पार्श्वभूमी राखाडीच राहिली तर आकडा एकेक टक्क्यानं खाली आणा. स्क्रीनशॉटमध्ये फोटो किंवा माणसाचा चेहरा असेल तर ही पद्धत वापरू नका, चेहरा निगेटिव्हसारखा येईल.

## 8. दुकानात जाताना

वर्डची फाइल देऊ नका, PDF द्या. तिथल्या संगणकावर तुमचे फॉन्ट असतीलच असं नाही, आणि ओळी सरकल्या की चित्र दुसऱ्या पानावर जातं. आधी एकच प्रत काढायला सांगा, तीही पन्नास-साठ प्रती ज्या मशीनवर निघणार त्याच मशीनवर. प्रिंटरवर एक मूळ प्रत काढून बाकीच्या झेरॉक्सवर मारणार असतील, तर नमुनाही झेरॉक्सचाच बघा.

ती प्रत हातभर अंतरावर धरून तीन जागा तपासा. सगळ्यात फिकट ओळ, बहुधा कॉमेंट, वाचता येते का. मराठी शब्दांतल्या मात्रा आणि अनुस्वार सुटे दिसतात का. आणि पांढरी असायला हवी ती पार्श्वभूमी खरंच कोरी आहे का, की बारीक ठिपके पडलेत. ठिपके असतील तर सहसा लाइट थीमची पार्श्वभूमीच शुभ्र नसते, किंचित राखाडी किंवा पिवळसर असते. अशा वेळी डेन्सिटी कमी करायला सांगू नका, अक्षरंही फिकी होतील. घरी येऊन वर्डमध्ये चित्रावर क्लिक करा, Picture Format > Corrections मध्ये जाऊन ब्राइटनेस थोडा वाढवा आणि नवी PDF घेऊन जा.